विश्लेषण : कायद्याच्या तोंडी परीक्षेत येत असलेले उत्तरही का सुचत नाही? सराव, ठरलेली सुरुवात आणि शांततेचे नियोजन कसे उपयोगी पडते?

विधी महाविद्यालयांत सत्राच्या शेवटी एक दृश्य हमखास दिसते. बंद दारासमोर पांढरे शर्ट आणि काळे कोट घातलेल्या विद्यार्थ्यांची रांग असते, प्रत्येकाच्या हातात जर्नल असते आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला जातो, ‘काय विचारलं?’ आत जाऊन आलेल्यांपैकी अनेकांचे उत्तरही सारखेच असते, ‘येत होतं रे, पण ऐन वेळी सुचलंच नाही.’ ही तक्रार खरी असते. मात्र त्यावर सहसा जो उपाय केला जातो, म्हणजे आदल्या रात्री आणखी चार तास वाचन, तो या दुखण्यावरचा नाही. वाचण्याचा सराव असलेल्याला बोलायला लावले, की जे होते तेच इथे होते. त्यामुळे तयारीची पद्धतच बदलायला हवी.

ही परीक्षा नेमकी कशाची असते?

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार विधी पदवीसाठी चार प्रात्यक्षिक विषय सक्तीचे आहेत. त्यांपैकी मसुदालेखनाच्या विषयात ९० गुण लेखी मसुद्यांना आणि १० गुण तोंडी परीक्षेला आहेत. मूट कोर्ट आणि इंटर्नशिपच्या विषयात तीन मूट कोर्टना ३० गुण, न्यायालयात बसून पाहिलेल्या एक दिवाणी आणि एक फौजदारी खटल्याच्या नोंदींना ३० गुण, पक्षकाराची मुलाखत व खटलापूर्व तयारीच्या डायरीला ३० गुण आणि तोंडी परीक्षेला १० गुण अशी विभागणी आहे.

ही विभागणी नीट पाहिली, तर भीती निम्मी कमी व्हायला हवी. या विषयांची तोंडी परीक्षा ही संपूर्ण कायद्याची परीक्षा नसते. परीक्षकाच्या समोर विद्यार्थ्याचेच जर्नल असते, ते उघडून तो विचारतो. मसुदा तुमचा, पाहिलेला खटला तुमचा, मूट कोर्टात मांडलेली बाजू तुमची. म्हणजे प्रश्नपत्रिकेचा बराचसा भाग विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने आधीच लिहून दिलेला असतो. तरीही अनेक जण आदल्या दिवशी जर्नल न उघडता पाठ्यपुस्तक उघडतात. तिथेच पहिली चूक होते.

वाचलेले तोंडावर का येत नाही?

पान समोर असताना ओळखीचे वाटणे आणि पान समोर नसताना आठवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना एक उतारा पुन्हा वाचायला दिला, तर काहींना तो न पाहता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिले होते. पुन्हा वाचण्याने ‘मला येते’ ही भावना वाढते, पण पुस्तक मिटल्यावर आठवण्याची ताकद त्या प्रमाणात वाढत नाही.

तोंडी परीक्षेत याच्या जोडीला आणखी दोन अडचणी येतात. एक म्हणजे वाक्य तिथल्या तिथे जुळवावे लागते आणि समोरचा माणूस ते ऐकत असतो. दुसरी म्हणजे धडधड सुरू झाली, की लक्ष प्रश्नावरून स्वतःवर जाते. आवाज कापतोय का, परीक्षक नाराज आहेत का, याचा हिशेब मनात सुरू होतो आणि उत्तर जुळवायला लागणारी जागा त्यातच खर्च होते. म्हणून भीती पूर्ण घालवणे हे उद्दिष्ट नसावे. भीती असतानाही पहिली ३० सेकंदे आपोआप पार पडतील आणि अडल्यावर काय करायचे ते आधीच ठरलेले असेल, इतकी व्यवस्था पुरेशी असते.

ठरलेली सुरुवात म्हणजे काय?

परीक्षक बहुतेक वेळा मोकळ्या प्रश्नाने सुरुवात करतात. ‘कुठला खटला पाहिलात?’ किंवा ‘या मसुद्यांपैकी एक समजावून सांगा.’ हा प्रश्न सोपा वाटतो, पण घोटाळा इथेच होतो, कारण त्याला टोक नसते. विद्यार्थी कुठूनही सुरू करतो, तीन वाक्यांनंतर आपण कुठे चाललो आहोत हे त्यालाच कळत नाही.

त्यावर उपाय म्हणजे साधारण ४० सेकंदांची सुरुवात आधी बांधून ठेवणे. तिचे चार टप्पे पुरतात. प्रकरण कोणत्या प्रकारचे, पक्षकारांमधला वाद कशाचा, आपण काय पाहिले किंवा काय तयार केले, आणि त्यातला कायद्याचा मुख्य प्रश्न कोणता. यातले फक्त पहिले वाक्य शब्दशः पाठ असावे. उरलेले तीन टप्पे शब्दांनी नव्हे, तर मुद्द्यांनी लक्षात ठेवावेत. सगळे पाठ केले, की परीक्षकाने मध्येच अडवल्यावर धागा तुटतो आणि शाळेतली कविता म्हणताना होते तसे पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करावे लागते.

चौथा टप्पा सर्वांत कामाचा आहे. सुरुवात जिथे संपते तिथूनच परीक्षकाचा पुढचा प्रश्न येण्याची शक्यता जास्त असते. त्यामुळे शेवटचे वाक्य अशा मुद्द्यावर संपवावे, ज्यावर आणखी दोन-तीन मिनिटे बोलता येईल. ही चलाखी नाही. न्यायालयात वकीलही आपल्या भक्कम मुद्द्याकडेच न्यायाधीशांचे लक्ष नेतो. उलट, ऐकीव माहितीचे एखादे भारदस्त निकालाचे नाव शेवटी टाकले, तर पुढचा प्रश्न त्याच निकालावर येतो आणि पळायला जागा राहत नाही.

एक उदाहरण कसे बांधायचे?

समजा, तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीच्या जर्नलमध्ये धनादेश न वटल्याच्या प्रकरणातली नोटीस आणि फिर्याद आहे. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ चे हे प्रकरण जर्नलमध्ये हमखास असते, आणि त्यात विद्यार्थी अडखळतातही हमखास. कारण एकाच कलमाभोवती ३० दिवस, १५ दिवस आणि एक महिना अशा तीन मुदती आहेत. घाबरल्यावर त्या एकमेकींच्या जागी जाऊन बसतात.

मुदती पाठ करण्यापेक्षा तारखांची एक गोष्ट करून ठेवणे सोपे जाते. दीड लाख रुपयांचा धनादेश ३ जानेवारी २०२५ चा आहे. तो न वटल्याचा मेमो धनादेशधारकाला १० जानेवारीला मिळाला. तिथून ३० दिवसांत मागणीची नोटीस द्यायची असते, ती २८ जानेवारीला पाठवली. देणेकऱ्याला ती १ फेब्रुवारीला मिळाली. त्याला पैसे देण्यासाठी नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस असतात, ते १६ फेब्रुवारीला संपले. पैसे आले नाहीत, म्हणून १७ फेब्रुवारीला फिर्यादीचे कारण उद्भवले आणि तिथून एका महिन्यात, म्हणजे १७ मार्चपर्यंत फिर्याद दाखल करायची. उशीर झाल्यास पुरेसे कारण दाखवून तो माफ करून घेण्याची तरतूद कलम १४२ मध्ये आहे.

आता या विद्यार्थिनीची सुरुवात अशी होऊ शकते. ‘सर, मी कलम १३८ खालची नोटीस आणि फिर्याद तयार केली आहे. यात हातउसन्या रकमेच्या परतफेडीसाठी दिलेला दीड लाखाचा धनादेश खात्यात पुरेशी रक्कम नसल्याने परत आला. नोटिशीत मी धनादेशाचा तपशील, तो परत आल्याचे कारण आणि १५ दिवसांत रक्कम देण्याची मागणी लिहिली आहे. या प्रकरणात सर्वांत काळजी मुदतींची घ्यावी लागते, कारण नोटीस उशिरा गेली तर कलम १३८ ची अटच पूर्ण होत नाही.’ इथे ती थांबते. परीक्षक बहुधा विचारणार, ‘मग मुदती सांगा.’ ती जानेवारीपासून मार्चपर्यंतच्या तारखा सांगू लागते. आकडे आठवायचे नसून घडलेला क्रम सांगायचा आहे, म्हणून ती घसरत नाही.

सराव किती आणि कसा करावा?

सराव म्हणजे खोलीत फेऱ्या मारत पुटपुटणे नव्हे. त्याला पायऱ्या हव्यात आणि प्रत्येक पायरीवर परिस्थिती खऱ्या परीक्षेच्या थोडी आणखी जवळ जायला हवी. परीक्षेआधीचे आठ-दहा दिवस पुरतात. रोज अर्धा तास याहून जास्त वेळ लागत नाही.

पहिले तीन दिवस एकट्याने. जर्नलमधल्या प्रत्येक मसुद्यावर आणि खटल्यावर परीक्षक विचारू शकेल असे तीन-तीन प्रश्न वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहावेत. हे काय आहे, असेच का, आणि तसे नसते तर काय, हा त्या तीन प्रश्नांचा साचा. मग चिठ्ठी उचलायची, जर्नल मिटायचे आणि उत्तर मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायचे. एका उत्तराला दीड मिनिटापेक्षा जास्त वेळ नको. ऐकताना आवाज कसा वाटतो याकडे लक्ष देऊ नये, स्वतःचा आवाज बहुतेकांना विचित्रच वाटतो. तीनच गोष्टी टिपाव्यात. कुठे अडलो, कुठे लांबण लावली आणि कोणता आकडा किंवा कलम चुकले.

पुढचे तीन-चार दिवस वर्गमित्राबरोबर. जर्नल त्याच्या हातात द्यावे आणि त्याला कुठलेही पान उघडू द्यावे. त्याने एक काम मुद्दाम करावे, ते म्हणजे मध्येच अडवणे. दुसऱ्या वाक्यालाच ‘थांबा, हे कलम कोणते?’ असे विचारले, की ठरलेली सुरुवात मोडते. मोडल्यावर उत्तर देऊन पुन्हा योग्य टप्प्यावर यायचे, हाच सराव. तीन वेळा अडवले गेल्यानंतरही चौथ्या टप्प्यापर्यंत पोहोचता आले, तर सुरुवात पक्की झाली असे समजावे.

शेवटची पायरी अनोळखी किंवा मान राखावा लागेल अशा माणसासमोर. शिक्षक, इंटर्नशिपच्या ठिकाणचे वकील किंवा वरच्या वर्गातला विद्यार्थी चालेल. दार ठोठावून आत जाणे, परवानगी घेऊन बसणे, जर्नल पुढे करणे, आठ मिनिटे प्रश्न आणि बाहेर पडणे, सगळे जसेच्या तसे. कोट-टायही घालावा. घरच्या कपड्यांत चांगले बोलणारा विद्यार्थी काखेत घट्ट बसणाऱ्या उसन्या कोटात अवघडतो, हे परीक्षेच्या दिवशी कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

सराव नीट चालला आहे की नाही, हे कसे ओळखावे? दोन ध्वनिमुद्रणे तुलनेला घ्यावीत. तेच उत्तर प्रत्येक वेळी थोड्या वेगळ्या शब्दांत पण त्याच क्रमाने येत असेल, तर ते समजून येत आहे. शब्द अगदी सारखे येत असतील तर पाठांतर झाले आहे, आणि क्रमच बदलत असेल तर मुद्दे अजून जुळलेले नाहीत.

जुनी कलमे, नवी कलमे

सध्याच्या विद्यार्थ्यांसमोर एक जादा अडथळा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम लागू झाले. अनेक पुस्तके, जुनी जर्नले, पाहिलेले खटले आणि परीक्षकांच्या सवयी मात्र जुन्या क्रमांकांत अडकलेल्या आहेत. अटकपूर्व जामीन म्हटले की तोंडात ४३८ येते, नव्या संहितेत ते ४८२ आहे. प्रथम खबर १५४ ऐवजी १७३ मध्ये आहे. खासगी फिर्यादीची प्रक्रिया २०० ऐवजी २२३ मध्ये.

इथे सगळे तक्ते पाठ करण्याचा मोह टाळावा. स्वतःच्या जर्नलमध्ये जेवढी कलमे आली आहेत, तेवढ्यांचीच जुनी-नवी जोडी करावी. ती साधारण दहा-पंधराच्या पुढे जात नाही. आणि चूक झाल्यावर दुरुस्त कशी करायची, त्याचे वाक्य तयार ठेवावे. ‘दुरुस्त करते सर, हे जुन्या संहितेचे कलम झाले, नव्या संहितेत ते २२३ आहे.’ एवढे म्हणून पुढे जायचे. चूक लक्षात आल्यावर जीभ चावणे, हसणे, ‘सॉरी सॉरी’ म्हणत राहणे, यामुळे तीच चूक दुप्पट मोठी दिसते. न्यायालयात वकीलही रोज अशी दुरुस्ती करतात.

शांततेचे नियोजन कशासाठी?

तोंडी परीक्षेत सर्वाधिक नुकसान अज्ञानाने होत नाही, ते शांततेच्या भीतीने होते. नेहमीच्या गप्पांत एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात फार थोडे अंतर असते. स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दहा भाषांतल्या संभाषणांचा अभ्यास केला, तेव्हा हे अंतर सरासरी एका सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास असल्याचे दिसले. त्या सवयीमुळे परीक्षेत तीन सेकंद गप्प राहणे म्हणजे काहीतरी भयंकर घडते आहे, असे वाटते. मग ती पोकळी भरण्यासाठी विद्यार्थी काहीही बोलू लागतो आणि बरोबर सुरू झालेले उत्तर चुकीच्या जागी नेतो.

टेबलापलीकडे बसलेल्याला ते तीन सेकंद तसे वाटत नाहीत. कायद्याचा माणूस विचार करून बोलतो, हेच त्याला अपेक्षित असते. त्यामुळे शांतता टाळण्याऐवजी तिच्यात काय करायचे ते ठरवावे. ही शांतता दोन प्रकारची असते आणि दोन्हींसाठी वेगळी तयारी लागते.

पहिली, स्वतःची. प्रश्न कळला नसेल तर अंदाजाने उत्तर देऊ नये. ‘सर, प्रश्न नोटीस न स्वीकारण्याबद्दल आहे की नोटीस उशिरा मिळण्याबद्दल?’ असे विचारावे. प्रश्न कळला पण उत्तर आठवत नसेल, तर क्रम असा ठेवावा. आधी एक सावकाश श्वास सोडायचा, घ्यायचा नव्हे. घाबरलेला माणूस श्वास भरून धरून ठेवतो आणि मग आवाज चिरकतो. त्यानंतर प्रश्न आपल्या शब्दांत एकदा म्हणायचा. मग कलम आठवत नसले तरी त्यामागचे तत्त्व सांगायचे, आणि ते कुठल्या कायद्यात सापडेल ते सांगायचे. तत्त्वही ठाऊक नसेल तर स्पष्ट नकार द्यायचा.

आपल्या उदाहरणातल्या विद्यार्थिनीला परीक्षक विचारतात, ‘आरोपीने नोटीस घेतलीच नाही तर? तुमचे १५ दिवस कधी सुरू होणार?’ तिला निकालाचे नाव आठवत नाही. ती श्वास सोडते आणि म्हणते, ‘म्हणजे नोटीस योग्य पत्त्यावर गेली, पण आरोपीने ती स्वीकारली नाही.’ या एका वाक्याने तिला चार सेकंद मिळतात. मग ती सांगते, ‘सर, योग्य पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवलेले पत्र पोहोचले असे गृहीत धरले जाते. ही तरतूद जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये आहे. कलम क्रमांक मला आत्ता आठवत नाही, पण नाकारलेली नोटीस मिळाली असेच धरून मी १५ दिवस मोजेन.’ कलम २७ आणि सर्वोच्च न्यायालयाचा सी. सी. अलावी हाजी प्रकरणातला २००७ चा निकाल तिला सांगता आला असता, तर अधिक चांगले झाले असते. पण जे तिने सांगितले ते कायदा समजल्याचे लक्षण आहे. तिने घाईत भलत्याच निकालाचे नाव घेतले असते, तर परीक्षकाचा विश्वास उडाला असता.

नकारही शिकावा लागतो. ‘माहीत नाही’ एवढेच म्हणून मान खाली घालणे आणि ‘सर, हा मुद्दा मी अभ्यासलेला नाही’ असे समोर पाहून सांगणे, यात फरक आहे. दुसऱ्या नकारानंतर परीक्षक पुढच्या प्रश्नाकडे वळतो, पहिल्यानंतर तो आणखी खोदतो किंवा कीव करतो. मात्र हे वाक्य आठ मिनिटांत एक-दोनदाच चालते. पाचव्यांदा तेच ऐकू आले, तर तो शांततेचा प्रश्न उरत नाही, अभ्यासाचा होतो.

दुसरी शांतता परीक्षकाची असते. विद्यार्थी उत्तर संपवतो, परीक्षक काहीच बोलत नाहीत. ते खाली पाहून काही लिहितात, पान उलटतात, चहाचा घोट घेतात. विद्यार्थ्याला वाटते, उत्तर चुकले. तो म्हणतो, ‘म्हणजे, तसं नाही सर, एक महिना नव्हे…’ आणि बरोबर उत्तर स्वतःच खोडतो. इथे नियम एकच. उत्तर संपले की थांबायचे, हात जर्नलवर ठेवायचे आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहायची. ‘नक्की?’ असे परीक्षकाने विचारले, तरी लगेच पक्ष बदलू नये. मनात तारखांचा क्रम पुन्हा मोजावा आणि तोच निघाला तर ‘हो सर, फिर्यादीचे कारण उद्भवल्यापासून एक महिना’ असे कारणासह सांगावे. या शांततेचाही सराव करता येतो. मित्राला सांगावे, की उत्तरानंतर दहा सेकंद काहीही बोलू नकोस, फक्त पाहत राहा. पहिल्यांदा दोघांनाही हसू येते. चौथ्यांदा ती शांतता साधी वाटू लागते.

हे सगळे बनावट नाही का?

असा आक्षेप घेतला जातो, की ठरवून बोलणे म्हणजे ज्ञानाऐवजी नाटकाला गुण देणे. आक्षेप अगदीच चुकीचा नाही. दुसऱ्याचे जर्नल उतरवून काढलेल्या विद्यार्थ्याला कितीही सराव केला तरी तिसऱ्या प्रश्नापुढे जाता येत नाही, कारण ‘असेच का लिहिले’ याचे उत्तर त्याच्याकडे नसते. ठरलेली सुरुवात रिकाम्या घड्यावरचे झाकण होऊ शकत नाही.

पण ज्याने काम केले आहे, त्याला ते सांगता न येणे हा अन्याय आहे, आणि तो सर्वांवर सारखा होत नाही. घरात वकील असलेल्या, लहानपणापासून मोठ्यांशी वाद घालायची मुभा मिळालेल्या मुलाचा हा सराव जेवणाच्या टेबलावर कधीच झालेला असतो. घरातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत आलेल्या, मराठीतून विचार करून इंग्रजीत वाक्य जुळवणाऱ्या मुलीला तो मुद्दाम करावा लागतो. राज्यातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे. तेव्हा मराठीतून उत्तर चालेल का, हे तिने महाविद्यालयात आधी विचारून घ्यावे, आणि परवानगी असल्यास संकोच न करता मराठीत बोलावे. नसल्यास निदान पहिले वाक्य, दुरुस्तीचे वाक्य आणि नकाराचे वाक्य, ही तीन इंग्रजी वाक्ये घोटून ठेवावीत.

यात महाविद्यालयांचाही वाटा आहे. तीन मूट कोर्ट नियमाने घ्यावी लागतात, पण तोंडी परीक्षेची एकही तालीम न घेता विद्यार्थ्याला थेट बहिस्थ परीक्षकासमोर बसवले जाते. प्रत्येकी आठ मिनिटे धरली तर ६० विद्यार्थ्यांच्या वर्गाची तालीम आठ तासांत होते. दोन शिक्षकांनी वाटून घेतली तर एका दिवसात ती संपते. एवढा दिवस काढता येत नसेल, तर १० गुण कशाचे मोजले जातात, घरच्या वातावरणाचे की शिकवण्याचे, हा प्रश्न विचारावा लागेल.

उपायाच्या मर्यादाही आहेत. ज्याला परीक्षेच्या विचारानेच झोप लागत नाही, उलट्या होतात किंवा खोलीत शिरताना श्वास कोंडतो, त्याचे काम केवळ सरावाने भागणार नाही. त्याने समुपदेशकाची किंवा डॉक्टरांची मदत घ्यायला हवी. तसेच काही परीक्षक अपमानास्पद बोलतात, त्यावर विद्यार्थ्याच्या तयारीचा इलाज नसतो.

त्या दिवशी काय करावे?

रांगेत उभे असताना बाहेर आलेल्याला ‘काय विचारलं?’ हा प्रश्न विचारू नये. त्याचे जर्नल वेगळे, त्याचे प्रश्न वेगळे, पण त्याची घबराट मात्र आपल्याला लागते. आत जाण्याआधीची दहा मिनिटे नवे काही न वाचता फक्त सुरुवातीचे पहिले वाक्य दोनदा हळू आवाजात म्हणावे. हृदय धडधडू लागले, तर ‘शांत हो’ असे स्वतःला बजावण्याचा फारसा उपयोग होत नाही. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत भाषणाआधी ‘मी उत्सुक आहे’ असे स्वतःला सांगणाऱ्यांची कामगिरी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरली होती. धडधड तीच असते, तिला दिलेले नाव वेगळे असते.

बाहेर आल्यावर मात्र पाच मिनिटे बाजूला बसून विचारलेले प्रश्न आणि अडलेल्या जागा वहीत लिहून काढाव्यात. गुण तर ठरून गेलेले असतात. पण याच विद्यार्थिनीला उद्या सनद मिळाल्यावर न्यायाधीश भर कोर्टात विचारणार आहेत, ‘वकील, तुमची नोटीस मुदतीत आहे का?’ तेव्हा समोर पक्षकार उभा असेल आणि त्या प्रश्नावर त्याचे दीड लाख रुपये अवलंबून असतील.